जारमधली मेणबत्ती मध्येच खोल जाते आणि कडेचं मेण तसंच राहतं: सोलापूरच्या हवेत वात कशी ठरवायची

घरी केलेली सुगंधी मेणबत्ती पहिल्या संध्याकाळी छान जळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की ज्योत जारच्या मधोमध खाली खाली चालली आहे आणि काचेला बोटभर जाडीचं मेण सगळीकडून तसंच चिकटून आहे. मध्ये विहीर पडते, ज्योत त्यात बारीक होते, वास येईनासा होतो आणि शेवटी वात वितळलेल्या मेणात बुडून विझते. जारमध्ये निम्म्याहून जास्त मेण शिल्लक असतं, पण ती पुन्हा धड पेटत नाही. याला टनेलिंग म्हणतात, आणि लहान जारमध्ये मेणबत्त्या ओतणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे ही तक्रार कधी ना कधी येतेच.

सोलापुरात ही तक्रार एका ठरावीक वेळी जास्त येते. मेणबत्त्या करायला शिकणं बहुतेक वेळा उन्हाळ्याच्या सुट्टीत होतं. तेव्हाच जार, मेण आणि वात यांचं गणित जमवलं जातं. मग त्याच गणितावर दिवाळीच्या भेटी आणि संक्रांतीचं वाण तयार होतं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, रात्री स्वेटर घालायची हवा पडली की फोन सुरू होतात: "अहो, ती मेणबत्ती मध्येच विझते की." मेण तेच, वात तीच, सेंटही तोच असतो. फक्त हवा बदललेली असते, आणि तेवढ्यानं फरक पडतो.

आधी जाळणाऱ्याकडे चौकशी करा

वात बदलायला धावण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. निम्म्या तक्रारी इथेच सुटतात.

पहिली गोष्ट, पहिल्यांदा पेटवली तेव्हा किती वेळ जाळली? पूजेला पेटवली, आरती झाली की वीस मिनिटांत विझवली, असं बऱ्याच घरांत होतं. एवढ्या वेळात ज्योतीभोवती रुपयाच्या नाण्याएवढं मेण वितळतं आणि तिथंच घट्ट होतं. पुढच्या वेळी ज्योत आधीच थोडी खाली गेलेली असते, भोवती मेणाची भिंत उभी असते, आणि वितळणं त्याच गोलात होत राहतं. साधारण हिशेब असा, की जारचा आतला व्यास जितके इंच तितके तास पहिल्यांदा जाळायची. आत ६ सेंटिमीटर रुंद असलेल्या जारला सव्वादोन-अडीच तास लागतात. हे वाण देताना तोंडी सांगून चालत नाही, घाईत कुणाच्या लक्षात राहत नाही. जारच्या बुडाला छोटी चिठ्ठी चिकटवा.

दुसरी गोष्ट पंख्याची. आपल्याकडे हॉलमधला पंखा जानेवारीतही पूर्ण बंद होत नाही, दोनवर तरी फिरतच असतो. त्याच्या वाऱ्यानं ज्योत एका बाजूला झुकते. त्या बाजूचं मेण वितळतं, समोरच्या बाजूला तसंच राहतं, आणि झुकलेली ज्योत काचेवर काजळी धरते. खूण सोपी आहे. खड्डा एका बाजूला सरकलेला असेल आणि काच एकाच बाजूला काळी असेल, तर वारा लागतोय. खड्डा बरोबर मधोमध असेल आणि कडेचं मेण चहूबाजूंनी सारख्या जाडीचं असेल, तर वारा लागत नाही. मग एकतर ती थोडा थोडा वेळ जाळली आहे, नाहीतर वात कमी पडते आहे. मात्र वारा वाटत असताना एकदा वातीची बैठकही पाहून घ्या. ओतताना वात मध्यापासून सरकली असेल तरी खड्डा एकाच बाजूला पडतो.

व्यवस्थित अडीच-तीन तास, पंखा बंद ठेवून जाळल्यावरही मध्येच विहीर पडत असेल, तर पुढचं वाचा.

थंडीत नेमकं काय होतं

वात ही मुळात चूल आहे. ती किती मेण ओढून जाळते यावर किती उष्णता तयार होणार हे ठरतं. त्या उष्णतेतली काही वर हवेत जाते, काही मेण वितळवते आणि काही काचेतून बाहेर पडते. जारसाठीच्या सोया मेणाचा वितळबिंदू साधारण ४६ ते ५० अंशांच्या आसपास असतो. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत संध्याकाळी ३८ अंश असतील, तर काचेला टेकलेलं मेण वितळायच्या बिंदूपासून दहाएक अंशच लांब असतं. जानेवारीत त्याच खोलीत रात्री २० अंश असले, की तेच मेण २८ अंश लांब गेलं. प्रत्यक्ष वितळायला लागणारी उष्णता दोन्ही ऋतूंत सारखीच. पण तिथपर्यंत पोहोचायला थंडीत जवळजवळ तिप्पट चढण चढावी लागते, शिवाय काच गार असल्यानं ती सगळा वेळ उष्णता बाहेर टाकत असते. मे महिन्यात काठापर्यंत सहज पोहोचणारी बारीक वात जानेवारीत अर्ध्यातच दमते.

म्हणून माझं ठाम मत आहे, की सोलापुरात वातीची परीक्षा थंडीत घ्यावी आणि उन्हाळ्यात ती पुन्हा तपासावी. उलटं केलं तर दिवाळी-संक्रांतीचा माल हमखास फसतो.

वाणाच्या मेणबत्त्यांचं उदाहरण

जुळे सोलापुरातल्या एका वहिनींनी हळदीकुंकवाला वाण म्हणून मोगऱ्याच्या मेणबत्त्या दिल्या होत्या. जार छोटे, आत ६ सेंटिमीटर रुंद. सोया मेण, बारीक वात. मे महिन्यात त्यांनी ती वात पारखून घेतली होती, दोन तासांत मेण काठापर्यंत वितळत होतं. संक्रांतीनंतर बायकांकडून तक्रारी आल्या. मी त्यांच्याकडे बसून एक जार पेटवला. पंखा बंद, खिडकी लोटलेली. तीन तासांनी वितळलेल्या मेणाचं तळं जेमतेम ४ सेंटिमीटर रुंद झालं होतं आणि सगळीकडून एक-एक सेंटिमीटर मेण पांढरं, घट्ट राहिलं होतं. ज्योत नखाएवढी. कारण उघड होतं, वात छोटी पडत होती.

मग रीतसर परीक्षा घेतली. ती इथं सविस्तर सांगते, कारण हीच पद्धत कोणत्याही जारला चालते.

आधी जारमध्ये मेण किती मावतं ते काढायचं. रिकामा जार वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि जिथपर्यंत मेण भरायचं तिथपर्यंत पाणी भरा. वहिनींच्या जारमध्ये १५० ग्रॅम पाणी बसलं. मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून हा आकडा ०.८६ ने गुणला: १२९ ग्रॅम. त्यात १२० ग्रॅम मेण आणि ७ ग्रॅम सुगंधी तेल, म्हणजे मेणाच्या सहा टक्क्यांच्या आत, असं ठरलं. पाणी काढून जार पूर्ण कोरडा करायला विसरू नका. थेंबभर पाणी राहिलं तरी वात तडतडते आणि मेणात बुडबुडे धरतात.

आपल्याकडे किरकोळीत मिळणाऱ्या वातींवर बहुतेक वेळा नंबर नसतो, बारीक, मध्यम आणि जाड एवढंच सांगतात. त्यामुळे कुठल्याही तक्त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. तिन्ही जाडीची एक-एक वात घेतली, एकाच भांड्यातलं मेण एकाच वेळी तीन सारख्या जारमध्ये ओतलं आणि जार बाजूला ठेवून दिले. सोया मेणाला पक्कं व्हायला वेळ लागतो. निदान आठवडाभर ठेवल्याशिवाय वास आणि जळणं दोन्हीचा खरा अंदाज येत नाही.

पेटवायच्या आधी प्रत्येक वात ५ मिलिमीटरवर कापली, प्रत्येक जारचं वजन लिहून घेतलं, आणि तिन्ही जार एकाच टेबलावर एकमेकांपासून वीतभर लांब ठेवून चार तास जाळले. बारीक वातीच्या जारचं वजन ११ ग्रॅमनं कमी झालं आणि विहीर पडलीच. मध्यम वातीचं १६ ग्रॅमनं कमी झालं, म्हणजे तासाला चार ग्रॅम, आणि कडेला तीन-चार मिलिमीटरची पातळ कड उरली. जाड वातीनं २३ ग्रॅम मेण खाल्लं, दीड तासातच काठ गाठला, पण ज्योत उंच आणि नाचरी होती आणि काचेच्या तोंडाशी काजळी आली.

इथंच बहुतेकजण जाड वात निवडतात, आणि ते चुकतं. पहिल्याच जाळण्यात काठापर्यंत घाईनं पोहोचणारी वात पुढे धोक्याची ठरते. सुरुवातीला ज्योत जारच्या तोंडाजवळ असते, उष्णता वरून निघून जाते. मेण निम्म्यावर आलं, की ज्योत काचेच्या आत खोल जाते, भोवतालची काच तापून राहते आणि तीच उष्णता मेणावर परत येते. त्यामुळे पहिल्या वेळी उरलेली पातळ कड दुसऱ्या-तिसऱ्या जाळण्यात आपोआप वितळून खाली येते. मध्यम वातीच्या जारमध्ये तसंच झालं. तिसऱ्या वेळी काच वरपासून स्वच्छ होती. जाड वातीच्या जारमध्ये निम्म्याखाली गेल्यावर वितळलेलं मेण दीड सेंटिमीटर खोल झालं आणि काच हाताला चटका बसेल इतकी तापली. अशी मेणबत्ती कुणालाही देऊ नये. काच तडकली, तर गरम मेण थेट टेबलावर येतं.

म्हणून पहिल्या जाळण्यानंतर निकाल देऊ नका. चार तास जाळा, पूर्ण गार होऊ द्या, वात कापा, पुन्हा जाळा, आणि हे जार संपेपर्यंत करा. पाहायचं एवढंच: वितळलेलं मेण खोलीला एक सेंटिमीटरच्या आसपास आहे का, ज्योत शांत आहे का, वातीच्या टोकाला काळी गुठळी धरते का, आणि शेवटच्या टप्प्यात काच किती तापते. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की जाळणं थांबवायचं. वातीची पत्र्याची बैठक आणि काचेचं बूड यांच्यामध्ये मेण राहिलंच पाहिजे.

वहिनींच्या जारला मध्यम वात पक्की झाली. तळाचं मेण सोडून दिलं, तर तासाला चार ग्रॅमच्या हिशेबानं ती मेणबत्ती पंचवीसएक तास जळते. मे महिन्यात तीच वात पुन्हा तपासली तेव्हा मेण दोन तासांच्या आतच काठाला लागलं, खोलीही थोडी वाढली, पण ज्योत शांत होती. तुमच्या जारला मध्यम वात थंडीत पुरते पण उन्हाळ्यात धूर करते असं दिसलं, तर सरळ दोन ऋतूंना दोन वाती ठेवा. एकाच वातीचा हट्ट धरू नका.

सूतगिरणीचं सूत वात म्हणून चालेल का

सोलापुरात हा प्रश्न येणारच. चादरी आणि टॉवेलच्या गावात सुताच्या कोनाला काय तोटा? विडी घरकुलापासून अक्कलकोट रोडपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या घरी सूत पडलेलं असतं. चार पदर पिळले की वात तयार, असं वाटतं. समईत आपण तेच करतो, मग मेणबत्तीत का नको?

समईतली वात आपण अधूनमधून सरकवतो, तिची काजळी झाडतो, आणि तेल मुळातच पातळ असतं. मेणबत्तीच्या वातीकडे बघायला कुणी नसतं, तिला स्वतःचं टोक स्वतःच जाळून संपवावं लागतं. त्यासाठी वात पिळलेली असून भागत नाही, ती विणलेली लागते. विणलेली चपटी वात जळताना टोकाशी एका बाजूला वाकते. ते टोक ज्योतीच्या बाहेरच्या कडेला जातं, तिथं हवा भरपूर असते, आणि टोक जळून राख होतं. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये विणलेली वात निघाली, तोपर्यंत मेणबत्तीची वात दर थोड्या वेळानं कात्रीनं छाटावी लागायची. पिळलेलं सूत सरळ उभं राहतं, ज्योतीच्या मध्यभागी त्याच्या टोकाला कोळशाची गुठळी जमते, धूर होतो, आणि मेण ओढण्याची ताकद कमी-जास्त होत राहते. टॉवेलच्या सुताला रंग किंवा खळ लागलेली असेल तर आणखीनच वाईट, खळीनं सुताच्या धाग्यांमधली जागा बुजते.

म्हणून मी सांगेन की वात तेवढी विकतच घ्या, मेण ओढवलेली आणि पत्र्याची बैठक लावलेली. एका जारमागे वातीचा खर्च अगदी किरकोळ असतो, आणि सगळा खेळ तिच्यावरच आहे.

मेण कोणतं

गावात सहज मिळतं ते पॅराफिन, लाद्यांच्या रूपात. ५८-६० म्हणून जे मिळतं, त्याचा वितळबिंदू तेवढे अंश असतो. हे मेण सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकतं, वितळल्यावर पातळ होतं, आणि वात ते सहज ओढते. पण गार होताना ते आकसतं. काचेपासून सुटून येतं, वातीभोवती खळगा पडतो, आणि वरून पुन्हा थोडं मेण ओतावं लागतं.

सोया मेण काचेला धरून राहतं आणि वरचा थर गुळगुळीत येतो. ते चुऱ्याच्या किंवा पापडीच्या रूपात बाहेरून मागवावं लागतं. त्याची अडचण अशी, की वितळल्यावरही ते पॅराफिनपेक्षा दाट असतं, त्यामुळे त्याच जारला सोयासाठी वात एक पायरी मोठी लागते. पॅराफिनवर जमलेली वात तशीच सोयाला लावली की टनेलिंग होणारच. कुणी मेण बदललं आणि तक्रार सुरू झाली, तर पहिला संशय इथं घ्या.

आपल्या हवेसाठी मला दोन्हींचं मिश्रण आवडतं: सत्तर भाग सोया, तीस भाग पॅराफिन. काचेला धरतंही आणि एप्रिल-मेमध्ये लोण्यासारखं मऊही होत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा, प्रमाण बदललं की वातीची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. कडक मेण वाढवलं की कड वितळायला जास्त उष्णता लागते.

सुगंधी तेलाबद्दल एक गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तिचा संबंध थेट टनेलिंगशी आहे. वास कमी येतोय म्हणून लोक तेल वाढवतात. सहा टक्क्यांवरून दहा, बारा. बरीच मेणं तेवढं तेल धरू शकत नाहीत, जास्तीचं तेल वातीत शिरतं, वात चोंदते, ज्योत लहान होते आणि वास आणखीनच कमी होतो. खरं तर वास येतो तो वितळलेल्या मेणाच्या पसरट तळ्यातून. तळं लहान असेल तर कितीही तेल घाला, खोलीत वास पसरणार नाही. आधी वात सुधारा, तेल जिथं आहे तिथं राहू द्या. उदबत्तीसाठीचा सेंट वापरू नका, त्यात बहुधा पातळ करणारं द्रव्य भरपूर मिसळलेलं असतं. अंगाला लावायचा स्प्रेही नको. रंगाचंही तसंच. खायचा रंग मेणात विरघळत नाही, आणि मुलांच्या खडूचा चुरा वातीत अडकून बसतो. मेणात विरघळणारा रंग चिमूटभर पुरतो.

वितळवताना

मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात तीन-चार बोटं पाणी, त्यात जाळी किंवा स्टीलची रिंग, आणि त्यावर मेणाचं नळीवालं भांडं. पाणी मंद उकळत राहील एवढाच गॅस. पाण्याच्या आधारानं मेण शंभर अंशांच्या वर जातच नाही, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. थेट आचेवर मेण बघता बघता तापतं, त्यातून धूर निघू लागतो, आणि त्यापुढे ते पेट घेऊ शकतं. मेण उकळून इशारा देत नाही, म्हणून नजरेवर भिस्त ठेवू नका. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर मेणात बुडवून पाहा. लांबून रोखून तापमान दाखवणारा थर्मामीटर फक्त वरच्या थराचा आकडा देतो.

सोया किंवा मिश्रण ७५ ते ८० अंशांपर्यंत नेऊन गॅस बंद करा आणि भांडं बाहेर काढून त्याचं बूड पुसा. हे पुसणं टाळू नका, ओतताना बुडाचं पाणी जारमध्ये ठिबकतं. ७० च्या आसपास आलं की सुगंधी तेल घाला आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा. ढवळणं कमी पडलं तर तेल तळाशी साचतं आणि शेवटच्या जारमध्ये जास्त जातं. मग एकाच घाण्यातल्या दोन मेणबत्त्या वेगवेगळ्या जळतात आणि दोष वातीला दिला जातो. ५५ ते ६० अंशांवर जारमध्ये ओता. मिश्रणात पॅराफिन जास्त असेल तर थोडं आधी. थंडीत जार गार असतात, ते आधी कोमट करून घ्या, नाहीतर मेण काचेपाशी लगेच गोठतं आणि चट्टे दिसतात. जारही गरम मेण सोसणारे, जाड काचेचे हवेत. पातळ काचेचे पेले आणि तडा गेलेल्या बरण्या बाजूलाच ठेवा.

भांड्याला कोरडं, बरोबर बसणारं झाकण शेजारीच असू द्या. मेणानं पेट घेतलाच, तर गॅस बंद करून झाकण सरकवायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायचं नाही. पाणी अजिबात मारू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण चहूकडे उडतं. हातावर गरम मेण सांडलं, तर नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, चिकटलेलं मेण ओढून काढू नका. वितळणं चालू असताना गॅसपासून हलायचं नाही, दार वाजलं तर आधी गॅस बंद करायचा. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइपात गोठून बसतं. कागदी पेल्यात काढून ठेवलं की पुढच्या घाण्यात वापरता येतं.

विहीर पडलेली मेणबत्ती वाचवायची असेल तर

खड्डा फार खोल नसेल तर ॲल्युमिनियम फॉइलची टोपी उपयोगी पडते. जारच्या तोंडावर फॉइल बसवून कडा खाली दुमडा आणि मध्ये रुपयाच्या नाण्याएवढं किंवा थोडं मोठं, दोन-अडीच सेंटिमीटरचं भोक ठेवा. वात पेटवा. उष्णता आत अडते आणि अर्ध्या-पाऊण तासात कडेचं मेण सुटून खाली येतं. या वेळात समोरून उठायचं नाही, आणि फॉइल काढताना चिमट्यानं काढायचं, ते चांगलंच तापलेलं असतं.

वातच बुडाली असेल, तर थोडं मेण वितळवून कापसाच्या बोळ्यानं टिपून घ्या, म्हणजे वातीचं टोक मोकळं होईल. ओल्या मेणाचा बोळा ज्योतीजवळ नेऊ नका, आधी मेणबत्ती विझवा. हे दोन्ही उपाय त्या एका जारपुरते आहेत. दहा-वीस जार तसेच राहिले असतील, तर सगळे कोमट पाण्यात उभे करून पाणी हळूहळू तापवा, मेण ओतून काढा आणि योग्य वात लावून पुन्हा भरा. वहिनींनी उरलेल्या जारचं तेच केलं. वास थोडा उतरतो, पण पुन्हा पूर्ण प्रमाणात तेल घालायचं नाही. आधीचं तेल त्या मेणात आहेच, त्यामुळे एक-दोन टक्क्यांपुढे जाऊ नका.

उन्हाळ्यात उलटी तक्रार

मार्चनंतर तक्रार बदलते. मेणावर तेलाचे थेंब येतात, मेण मऊ पडतं, वात एका बाजूला कलते. हे टनेलिंग नव्हे, पण यातून पुढे ते होतं. कललेली वात एकाच बाजूचं मेण खाते, आणि वर आलेलं तेल वातीत शिरून ज्योत भडकवते. वरचे थेंब टिश्यू पेपरनं टिपून घ्या, वात सरळ करून गार जागी घट्ट होऊ द्या, मगच पेटवा. जार पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, बंद गाडीत दुपारी पन्नासच्या वर तापमान जातं आणि सोया मेण तिथंच वितळतं. बाहेरगावी पाठवायचा माल असेल तर रात्रीच्या गाडीनं पाठवा. आणि त्या दिवसांत घाणा सकाळी लवकर घाला. दुपारी ओतलेलं मेण संध्याकाळपर्यंत धड गोठत नाही, तोवर वात हलली तर ती तशीच वाकडी बसते.